अभ्यासक्रम-पत्रक, अल्पमुदतीचे व्यावसायिक

एखादा व्यवसाय किंवा त्याचा एक भाग थोड्या कालावधीत शिकविण्यासाठी जी लेखी योजना तयार करतात, तीस अल्पमुदतीचे व्यावसायिक अभ्यासक्रम-पत्रक म्हणतात. प्रशिक्षणार्थीस अखेरीस कोणती कामे करता आली पाहिजेत (अध्ययन-निष्पत्ती), ती कोणत्या घटकांतून शिकवावयाची, प्रत्येक घटकास किती तास द्यावयाचे आणि शिकलेले कसे पारखावयाचे, या चार बाबी पत्रकात असतात. विषयांची यादी म्हणजे अभ्यासक्रम-पत्रक नव्हे. यादीवरून काय सांगितले जाईल ते कळते, प्रशिक्षणार्थीस काय करता येईल ते कळत नाही.

भारतात अशा अभ्यासक्रमांची पातळी ठरविण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. शेतीविषयक कौशल्य प्रशिक्षण कृषी विज्ञान केंद्रांमार्फत व कृषी विद्यापीठांमार्फत देताना किमान २०० तासांचे अभ्यासक्रम योजण्याची पद्धत पडली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक धरला आहे. २०० ही संख्या ३० च्या पटीत बसत नाही, म्हणून नवे पत्रक २१० तासांचे, म्हणजे सात श्रेयांकांचे, करणे सोयीचे ठरते.

जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीच्या ‘बीडीएन’ व ‘बीएसएमआर’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या वाणांशी या केंद्राचे नाव निगडित आहे. या परिसरास साजेसा ‘तुरीचे प्रमाणित बीजोत्पादन’ हा २१० तासांचा अभ्यासक्रम पुढील विवेचनासाठी नमुन्यादाखल कल्पिला आहे. तेथे चालू असलेल्या एखाद्या अभ्यासक्रमाचे हे वर्णन नव्हे. वर्गात वीस प्रशिक्षणार्थी व दररोज सहा तास काम, असे गृहीत धरले आहे.

अध्ययन-निष्पत्ती : ‘प्रशिक्षणार्थीस शुद्ध बियाण्याचे महत्त्व समजेल’ असे विधान पत्रकांत पुष्कळदा आढळते. महत्त्व समजले की नाही हे परीक्षकास पाहता येत नाही, म्हणून अशा विधानावरून तास ठरविता येत नाहीत आणि परीक्षाही घेता येत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात उद्दिष्टाची तीन अंगे सांगितली : डोळ्यांना दिसेल अशी कृती, ती ज्या परिस्थितीत करावयाची ती परिस्थिती आणि ती कितपत बिनचूक झाली पाहिजे याचे प्रमाण.

बीजोत्पादनात हे प्रमाण पत्रककर्त्याने मनाने ठरविण्याची गरज नसते, कारण ते व्यवसायातच ठरलेले असते. प्रमाणित बियाण्यासाठी तुरीच्या क्षेत्राभोवती, दुसऱ्या वाणाच्या तुरीपासून, किमान १०० मीटर अंतर राखावे लागते. शेतातील भेसळ झाडे ०·२० टक्क्यांहून अधिक चालत नाहीत. बियाण्याची भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के व उगवणशक्ती किमान ७५ टक्के असावी लागते आणि साध्या पिशवीत भरताना ओलावा ९ टक्क्यांपर्यंतच चालतो. या मर्यादांवरून निष्पत्ती अशी लिहिता येते : ‘फुलोऱ्याच्या आरंभी एक हजार झाडांच्या शेतखंडात एका तासात भेसळ झाडे ओळखून त्यांची नोंद करील, दोनहून अधिक भेसळ झाडे सुटणार नाहीत आणि पाचहून अधिक चांगली झाडे चुकीने भेसळ ठरणार नाहीत.’ एक हजारातील दोन झाडे म्हणजेच ०·२० टक्के होत.

विधानाचा दुसरा भाग तितकाच आवश्यक आहे. केवळ सुटलेली झाडे मोजली, तर संशय येईल त्या प्रत्येक झाडाची नोंद करणारा प्रशिक्षणार्थी सहज उत्तीर्ण होईल. प्रत्यक्ष शेतात मात्र तो निम्मे पीक उपटील. कौशल्य ओळखण्यात आहे, उपटण्यात नाही. हे वेगळेपण पत्रकाच्या शब्दांत उतरले नाही, तर परीक्षेतही उतरत नाही.

घटक व तास : निष्पत्ती निश्चित झाल्यावर कोणत्या कामास सरावाची अधिक गरज आहे ते पाहून तास वाटले जातात. नमुना-अभ्यासक्रमाची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

| घटक | तात्त्विक तास | प्रात्यक्षिक तास | एकूण |
|---|---|---|---|
| १. बियाण्याचे वर्ग, जागेची निवड, विलगीकरण | १० | १४ | २४ |
| २. पेरणी व पिकाची निगा | १० | ३२ | ४२ |
| ३. भेसळ झाडे ओळखणे व काढणे | १० | ४४ | ५४ |
| ४. काढणी, मळणी, वाळवण, साठवण | १० | ३२ | ४२ |
| ५. नमुना घेणे, उगवण-चाचणी, नोंदी | ८ | २२ | ३० |
| ६. मूल्यमापन | २ | १६ | १८ |
| एकूण | ५० | १६० | २१० |

तिसऱ्या घटकास सर्वाधिक तास दिले आहेत, त्यास कारण आहे. तुरीत मधमाश्या व इतर कीटकांमुळे परपरागीकरण होते. त्याचे प्रमाण स्थळ व कीटकांची संख्या यांनुसार बदलते. भेसळीचे एक झाड फुलोऱ्यात राहिले, तर त्याचे परागकण शेजारच्या चांगल्या झाडांवर जातात. हा दोष त्या हंगामातील दाण्यांवर बहुधा दिसत नाही. तो पुढील वर्षी, शेतकऱ्याच्या शेतात दिसतो. मळणीनंतर चाळणी लावून तो दूर करता येत नाही.

प्रशिक्षणार्थीचा सर्वांत मोठा गोंधळ रोगट झाड व भेसळ झाड यांत होतो. वांझ रोगाने ग्रासलेल्या झाडाची पाने लहान व फिकट, ठिपकेदार होतात आणि त्यास फुले येत नाहीत. हा रोग सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरतो. असे झाड चांगल्या झाडांपेक्षा वेगळे दिसले, तरी ते त्याच वाणाचे असू शकते. दोन्ही प्रकारची झाडे शेतातून काढावयाची असली, तरी त्यांची नोंद वेगवेगळी ठेवणे तिसऱ्या घटकात शिकवावे लागते. एरवी भेसळीचा आकडा खोटा येतो आणि रोगाच्या बंदोबस्ताकडे दुर्लक्ष होते.

तासांचा कालक्रम : २१० तासांचे पस्तीस दिवस होतात. ते सलग घेतले, तर अभ्यासक्रम सव्वा महिन्यात संपतो आणि कागदोपत्री सर्व घटक पूर्ण होतात. पीक मात्र तितक्या काळात संपत नाही. बीडीएन-७११ हा वाण सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होतो आणि बीएसएमआर-७३६ यास त्याहून अधिक काळ लागतो. भेसळीची लक्षणेही एका वेळी दिसत नाहीत. झाडाची ठेवण, खोडाचा रंग व पानांचा आकार फुलोऱ्यापूर्वी पारखता येतात, फुलांचा रंग फुलोऱ्यात आणि शेंगांचा रंग व त्यांवरील रेषा शेंगा भरताना दिसतात. बीज प्रमाणीकरणात तुरीच्या क्षेत्राची किमान दोन वेळा तपासणी होते, एकदा फुलोऱ्यापूर्वी व एकदा फुले-शेंगांच्या अवस्थेत, त्याचेही कारण हेच आहे. सलग पस्तीस दिवसांत यांपैकी एखादीच अवस्था पूर्णपणे पाहण्यास मिळते; उरलेल्या चित्रांवरून शिकाव्या लागतात.

म्हणून तेच पस्तीस दिवस जून ते जानेवारी या काळात विखरून घ्यावे लागतात. पहिल्या घटकाचे चार दिवस पेरणीपूर्वी आणि दुसऱ्याचे सात दिवस पेरणीपासून ऑगस्टपर्यंत येतात. तिसऱ्याच्या नऊ दिवसांपैकी तीन फुलोऱ्यापूर्वी, चार फुलोऱ्यात व दोन शेंगा भरताना ठेवावेत. चौथ्याचे सात दिवस काढणीच्या वेळी येतात. पाचव्याचे पाच दिवस त्यानंतर, पण विभागून येतात, कारण उगवण-चाचणी मांडण्यास अर्धा दिवस पुरत असला, तरी अंतिम मोजणी काही दिवसांनी होते. उरलेले तीन दिवस मूल्यमापनाचे होत. पाऊस लांबला की पेरणी पुढे जाते आणि फुलोराही पुढे सरकतो. त्यामुळे पत्रकात तारखा न देता पिकाच्या अवस्था देणे योग्य होय.

उपस्थितीचा नियमही याच दृष्टीने करावा लागतो. ८० टक्के उपस्थितीची अट घातली, तर पस्तीसपैकी सात दिवस गैरहजर राहता येते, आणि फुलोऱ्याचे सर्व चार दिवस त्यांत जाऊ शकतात. ते दिवस पुढील हंगामापर्यंत भरून निघत नाहीत. यासाठी एकूण उपस्थितीखेरीज तिसऱ्या घटकातील प्रत्येक अवस्थेची उपस्थिती वेगळी नोंदवावी.

मूल्यमापन : तीन दिवसांपैकी पहिला फुलोऱ्याच्या आरंभी, दुसरा वाळवणीच्या वेळी व तिसरा अखेरीस ठेवावा. पहिल्या दिवसाची तयारी पेरणीच्या वेळीच करावी लागते. मूल्यमापनासाठी प्रत्येकी एक हजार झाडांचे चार शेतखंड राखतात. त्या प्रत्येकात, केवळ परीक्षकास माहीत असलेल्या दहा जागी, दुसऱ्या वाणाचे बी टोकतात. दोन ओळींत ९० व दोन झाडांत २० सेंमी. अंतर असल्यास एका खंडास १८० चौ. मी. जागा लागते, म्हणजे चार खंडांस सुमारे सात गुंठे पुरतात. या खंडांत भेसळ मुद्दाम पेरलेली असल्यामुळे ते संस्थेच्या बीजोत्पादन क्षेत्रापासून १०० मीटरहून दूर असले पाहिजेत आणि त्यांचे उत्पन्न बियाणे म्हणून वापरता कामा नये. ही सूचना पत्रकात नसली, तर परीक्षाच शेजारचे बियाणे बिघडविते.

प्रशिक्षणार्थी झाड उपटीत नाही. तो ओळीचा व झाडाचा क्रमांक कागदावर लिहितो, त्यामुळे तोच खंड पुढील प्रशिक्षणार्थीस वापरता येतो. एका वेळी चौघे याप्रमाणे पाच फेऱ्यांत, पाच तासांत, वीस जणांची परीक्षा होते. एखाद्याच्या कागदावर चौदा क्रमांक असून त्यांतील नऊ बरोबर असतील, तर एक भेसळ झाड सुटले व पाच चांगली झाडे चुकीची ठरली. तो उत्तीर्ण होतो. दुसऱ्याने दहाही भेसळ झाडे शोधली, पण एकूण तीस क्रमांक लिहिले, तर तो उत्तीर्ण होत नाही.

वाळवणीच्या परीक्षेत दाणा दाताखाली फोडून ओलाव्याचा अंदाज करण्याची रूढ रीत पुरेशी नसते, कारण ९ व ११ टक्क्यांमधील फरक तीवरून खात्रीने कळत नाही. म्हणून ओलावामापकाने घेतलेले मापन परीक्षकाच्या मापनाशी ताडून पाहतात.

गुणांची बेरीज हा मूल्यमापनातील नेहमीचा कच्चा दुवा आहे. लेखी परीक्षा, वही व तोंडी परीक्षा यांत चांगले गुण मिळविलेला प्रशिक्षणार्थी भेसळ ओळखता न येताही एकूण पन्नास टक्के सहज गाठतो. यास्तव विलगीकरण, भेसळ ओळखणे व ओलावा मोजणे या मुख्य निष्पत्तींत प्रत्येकी स्वतंत्र उत्तीर्णता आवश्यक ठरवितात. एकीतील उणीव दुसरीच्या गुणांनी भरून काढता येत नाही.

मर्यादा : असे पत्रक एका पिकापुरते व एका हंगामापुरते असते. त्यातील चार खंड पावसाअभावी वा मर रोगाने विरळ झाले, तर ठरलेली परीक्षा घेता येत नाही. म्हणून एक खंड जादा पेरणे इष्ट असते. बीजोत्पादन क्षेत्राची नोंदणी, तपासणी व प्रमाणीकरण १९६६ च्या बियाणे अधिनियमाखाली होते आणि महाराष्ट्रात ते काम राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे आहे. अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र व्यक्तीच्या कौशल्याविषयी असते, बियाण्याविषयी नव्हे. ते मिळालेल्या शेतकऱ्याचे बियाणेही प्रत्येक हंगामात नव्याने तपासणीस उतरावे लागते.