छायाचित्र-संपादनासाठी मॉनिटरचे रंग-कॅलिब्रेशन : रंगमापक उपकरण व जतन केलेले प्रोफाइल

प्रस्तावना :

पडद्यावर योग्य दिसणारे छायाचित्र छापून आल्यावर काळपट दिसते, हा अनुभव महाविद्यालयीन वार्षिकांकाचे वा प्रदर्शनाचे काम पाहणाऱ्या अनेक प्राध्यापकांना परिचित आहे. दोष सहसा छपाईला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो मॉनिटरच्या तेजस्वितेत असतो. पडद्यासमोर ठेवून रंग मोजणारे कलरिमीटर हे उपकरण व त्यातून तयार होणारे प्रोफाइल यांच्या साहाय्याने हा दोष कसा दूर करता येतो आणि त्या साधनांची मर्यादा कोठे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कॅलिब्रेशन व प्रोफाइल यांतील भेद :

या दोन संज्ञा व्यवहारात समानार्थी वापरल्या जात असल्या तरी त्या भिन्न क्रियांच्या वाचक आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरला एका ठरावीक स्थितीत आणणे. पांढऱ्या रंगाची छटा, गॅमा व तेजस्विता या तीन गोष्टी त्यात निश्चित केल्या जातात. प्रोफाइल म्हणजे त्या स्थितीतील मॉनिटर कोणत्या आकड्यांना कोणता रंग दाखवतो, याचे लिखित वर्णन होय. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेने निश्चित केलेल्या स्वरूपात ही फाइल जतन होते. छायाचित्र-संपादनाची प्रणाली हे वर्णन वाचते आणि चित्रातील आकडे त्या विशिष्ट पडद्यासाठी बदलून पाठवते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्रोफाइल हे स्थितीचे वर्णन असल्याने ती स्थिती बदलताच वर्णन खोटे ठरते. कॅलिब्रेशननंतर कोणी मॉनिटरचे बटण दाबून तेजस्विता वा रंगछटा बदलली, तर जतन केलेली फाइल तशीच राहते, परंतु ती आता दुसऱ्याच मॉनिटरचे वर्णन करीत असते.

तेजस्वितेचे गणित :

उदाहरणादाखल पुढील स्थिती विचारात घेता येईल. वार्षिकांकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र एका विभागातील संगणकावर संपादित होत आहे. मॉनिटरची तेजस्विता ३०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर आहे. छापील प्रत ज्या टेबलावर पाहिली जाणार, तेथील प्रकाश ४०० लक्स आहे. छपाईचा कागद त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८५ टक्के प्रकाश परावर्तित करतो. कागदाची तेजस्विता काढण्यासाठी लक्सच्या संख्येला परावर्तनाच्या प्रमाणाने गुणून पायने भागावे लागते : ४०० × ०.८५ ÷ ३.१४ = सुमारे १०८.

म्हणजे पडद्यावरील पांढरा रंग कागदावरील पांढऱ्या रंगाच्या पावणेतीन पटींहून थोडा अधिक तेजस्वी आहे. छायाचित्रकाराच्या भाषेत हा फरक सुमारे दीड स्टॉपचा होतो. पडद्यावर चित्र अति उजळ वाटते, म्हणून संपादक ते काळे करीत जातो. छपाईयंत्र तेच काळे केलेले आकडे प्रामाणिकपणे कागदावर उतरवते.

हा फरक प्रोफाइल दूर करू शकत नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रंग-व्यवस्थापनाची नेहमीची पद्धत पडद्याचा पांढरा रंग आणि कागदाचा पांढरा रंग परस्परांशी समतुल्य मानते. पडदा प्रत्यक्षात किती प्रखर आहे, याची भरपाई ती करीत नाही. म्हणून तेजस्विता मॉनिटरच्याच नियंत्रणाने कमी करावी लागते. वरील उदाहरणात ती ११० च्या आसपास आणणे योग्य ठरेल.

प्रत्यक्ष पद्धती :

मॉनिटर किमान अर्धा तास सुरू ठेवावा. खोलीतील प्रकाशानुसार तेजस्विता आपोआप बदलणारी सुविधा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सुविधा बंद करावी. पडदा किंचित मागे कलता ठेवावा, म्हणजे कलरिमीटर त्यावर सपाट टेकतो आणि कडेने बाहेरचा प्रकाश शिरत नाही.

आर्गिल सीएमएस या मुक्त प्रणालीत पुढील क्रमाने काम करता येते.

```
dispcal -v -t6500 -g2.2 -b110 Display1
targen -v -d3 -f100 Display1
dispread -v -k Display1.cal Display1
colprof -v -D"Display1 110cd" -qm -as Display1
dispwin -I Display1.icm
```

पहिल्या आज्ञेत पांढरा रंग ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ व तेजस्विता ११० हे लक्ष्य दिले आहे. तिच्या आरंभी उघडणाऱ्या मेनूतून मॉनिटरची बटणे फिरवीत मोजमाप पाहता येते. तेजस्विता व लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण येथेच शक्य तितके जुळवून घ्यावे. उरलेला फरक ग्राफिक्स कार्डमधील कोष्टकाद्वारे भरून काढला जातो. दुसरी आज्ञा रंगचौकटींची यादी करते, तिसरी त्या मोजते, चौथी प्रोफाइल तयार करते व पाचवी ते संगणकात स्थापित करते. विंडोजव्यतिरिक्त अन्य प्रणालींत फाइलचे नाव `.icc` ने संपते. फाइलच्या नावात तेजस्विता व दिनांक यांचा उल्लेख असल्यास ते प्रोफाइल कोणत्या स्थितीचे आहे, हे पुढे कळते.

संभाव्य दोष व त्यांची ओळख :

पहिला दोष बटणांच्या अभावातून येतो. अनेक लॅपटॉपवर लाल, हिरवा व निळा यांची स्वतंत्र नियंत्रणे नसतात. मग संपूर्ण दुरुस्ती कोष्टकावर पडते आणि उपलब्ध छटांची संख्या घटते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी पाहिल्यास त्यात पायऱ्या दिसतात. अशा वेळी ६५०० चा आग्रह सोडून पडद्याचा मूळ पांढरा रंग स्वीकारणे अधिक हितावह ठरते. त्यासाठी पहिल्या आज्ञेतील `-t6500` वगळावे.

दुसरा दोष चुकीच्या जागी प्रोफाइल वापरण्याचा आहे. मॉनिटरचे प्रोफाइल संपादन-प्रणालीत कार्यरत रंग-अवकाश म्हणून निवडले, तर चित्र एका विशिष्ट पडद्याशी बांधले जाते आणि अन्य संगणकावर वेगळे दिसू शकते. त्या जागी एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी हेच ठेवावे. मॉनिटरच्या प्रोफाइलचे स्थान केवळ कार्यकारी प्रणालीच्या रंग-व्यवस्थेत आहे.

तिसरा दोष सर्वांत फसवा होय. कलरिमीटरमधील रंगगाळण्या मानवी दृष्टीच्या प्रमाणित प्रतिसादाशी तंतोतंत जुळत नाहीत. मॉनिटरच्या प्रकाशाचा वर्णपट उपकरणाला अपेक्षित असलेल्या वर्णपटाहून वेगळा असल्यास मापन चुकते. त्यानंतर त्याच उपकरणाने पडताळणी केली, तर रंगफरकाचा आकडा अत्यल्प येतो, कारण मूळ मापनातील चूक पडताळणीतही तशीच असते. अल्प आकडा म्हणजे अचूक रंग नव्हे. मॉनिटर व त्याचे वर्णन परस्परांशी सुसंगत आहेत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. यावर उपाय म्हणजे त्या पडद्याच्या प्रकारासाठीची दुरुस्ती-फाइल `-X` या पर्यायाने `dispcal` व `dispread` या दोन्ही आज्ञांत देणे. शेजारी ठेवलेले दोन भिन्न प्रकारचे मॉनिटर एकाच लक्ष्यावर आणूनही त्यांचे पांढरे रंग डोळ्यांना वेगळे दिसत असतील, तर अशा चुकीची शंका घेण्यास जागा आहे.

समारोप :

जतन केलेले प्रोफाइल तीन गोष्टींवर अवलंबून असते : मॉनिटरची बटणे त्याच स्थितीत असणे, कलरिमीटरला पडद्याचा प्रकार बरोबर सांगितलेला असणे आणि पडद्याची तेजस्विता छापील प्रत पाहण्याच्या प्रकाशाशी जुळवलेली असणे. यांपैकी तिसरी गोष्ट कोणत्याही फाइलमध्ये साठवून पूर्ण होत नाही. म्हणून मुखपृष्ठ छपाईस पाठविण्यापूर्वी त्याची एक लहान प्रत छापून, ज्या प्रकाशात ती पाहिली जाणार त्याच प्रकाशात पडद्याशेजारी धरून पाहणे, ही अंतिम कसोटी ठरते.