चौपन्न रुपयांचा हिशेब

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि आदल्या रात्री हेरून ठेवलेला शेअर बारा रुपये वर उघडलेला दिसतो. गाडी सुटली, या धास्तीने कितीतरी जण याच क्षणी ‘बाय’ दाबतात. खरं तर हा सौदा घ्यायचा की सोडायचा, याचा निकाल रात्रीच लागायला हवा होता. त्याला लागतो फक्त कागद आणि साधा भागाकार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शेअर तीन महिने 460 ते 500 रुपयांच्या पट्ट्यात फिरत होता. एका दिवशी तो चांगल्या व्हॉल्यूमसह 506 वर बंद झाला. याला ट्रेडर ब्रेकआउट म्हणतात. पट्ट्याची उंची 40 रुपये. ती 500 मध्ये मिळवून टार्गेट 540 धरण्याची पद्धत आहे. ब्रेकआउटच्या आधीच्या काही दिवसांचा तळ 487 होता. भाव त्याखाली गेला तर अंदाज चुकला असं मानायचं, म्हणून स्टॉपलॉस 486.

आता 506 ला घेतलं तर धोका 20 रुपये आणि संभाव्य नफा 34, म्हणजे एकास 1.7. पण खर्च राहिलाच. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी लागतो. शिवाय स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचे शुल्क, डीपी चार्जेस. शंभर शेअर घेतले, तर ब्रोकरेज सोडूनही शेअरमागे अंदाजे 1.3 रुपये जातात. म्हणजे तोटा झाला तर 21.3 आणि फायदा झाला तर 32.7. एकास 1.7 चं प्रमाण एकास दीडवर येतं.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. स्टॉपलॉस ते टार्गेट हे अंतर 54 रुपयांचं आहे आणि ते चार्टने ठरवलंय. खरेदीचा भाव फक्त त्याची वाटणी करतो. सौदा या दोनपैकी एका टोकालाच बंद होणार असं धरलं, तर 21.3 भागिले 54, म्हणजे शंभरातले 40 सौदे जिंकले तरी ट्रेडर जेमतेम बरोबरीत राहतो. खरेदी एक रुपया महाग पडली की हा आकडा जवळपास दोनने वाढतो.

आता सकाळच्या गॅप-अपकडे पाहा. 518 ला घेतलं तर खर्चासह धोका 33.3 आणि नफा 20.7. बरोबरीसाठी शंभरातले 62 सौदे जिंकावे लागतील. शेअर तोच, चार्टही तोच. सौदा मात्र घेण्यासारखा उरलेला नाही.

मग कुठल्या भावापर्यंत घ्यावं? ट्रेडरच्या वहीत अशा प्रकारचे 45 टक्के सौदे यशस्वी झाल्याची नोंद आहे असं समजू. 54 चे 45 टक्के म्हणजे 24.3, त्यातून खर्चाचे 1.3 वजा केले की उरतात 23. ते 486 मध्ये मिळवले की 509. या भावाला सरासरी फायदा शून्य. 506 ला तो शेअरमागे जेमतेम तीन रुपये. त्यामुळे 507 किंवा 508 ची लिमिट ऑर्डर लावून थांबायचं. भाव तिथे आला नाही, तर सौदा झालाच नाही.

पण वही विश्वासार्ह हवी. वीसच सौदे नोंदलेले असतील, तर 45 टक्क्यांत नशिबाचा वाटा किती हे कळत नाही. अशा वेळी मर्यादा आणखी खाली ओढलेली बरी.

खरी गफलत होते ती सौदा सोडवत नाही तेव्हा. 518 ला घेऊन स्टॉपलॉस 511 वर ठेवला, तर कागदावर प्रमाण एकास तीनच्या पुढे जातं. पण हा शेअर रोज सरासरी 12 रुपये हलत असेल, तर सात रुपयांचा स्टॉप नेहमीच्या चढउतारातच उडेल आणि त्यानंतर भाव 540 ला गेला तरी ट्रेडर बाहेरच असेल. टार्गेट ओढून 560 करणं ही त्याचीच दुसरी बाजू. त्यातच मागच्या वर्षी 530 ला हा शेअर दोनदा परत फिरला असेल, तर टार्गेट आधी तिथेच आणायला हवं. मग 506 लाही नफा 24 रुपयांवर येतो आणि खर्चानंतर प्रमाण जेमतेम एकास एक उरतं.

काही सौद्यांत हा हिशेबच लागू पडत नाही. दोन दिवसांवर कंपनीचे तिमाही निकाल असतील, तर भाव 486 ला न थांबता थेट 465 ला उघडू शकतो आणि स्टॉपलॉस तिथेच निघतो. 20 रुपयांचा धोका 41 चा होतो. निकाल लागून गेल्यावर नवा तळ आणि नवी पातळी दिसते. तेव्हा अंतर पुन्हा मोजायचं, खरेदीची मर्यादाही नव्याने काढायची.