सिम बंद, व्हॉट्सॲप चालू: जुना नंबर परक्याला मिळतो तेव्हा

२०२५च्या जूनअखेरीस छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातल्या एका तरुणाने नवं सिमकार्ड घेतलं. त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं, तर प्रोफाइलला क्रिकेटपटू रजत पाटीदारचा फोटो आपोआप आला. त्या महिन्यातच पाटीदारच्या कप्तानीखाली बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकलं होतं. तरुणाला आणि त्याच्या मित्राला वाटलं, ॲपचाच काहीतरी घोळ असेल. मग विराट कोहली, एबी डिव्हिलियर्स अशी नावं सांगणारे फोन येऊ लागले. कोणीतरी फिरकी घेतंय असं समजून दोघांनी ते थट्टेवारी नेले. जुलैच्या मध्याला खुद्द पाटीदारने फोन करून नंबर परत मागितला, तेव्हाही त्यांना ते खरं वाटलं नाही. शेवटी पोलीस घरी आले आणि सिम मूळ मालकाकडे गेलं. बराच काळ वापरात नसल्यामुळे तो नंबर बंद झाला होता आणि कंपनीने नियमाप्रमाणे दुसऱ्याला दिला होता. यात कोणी काही चोरलं नव्हतं.

बातम्यांमध्ये कोहलीचे फोन गाजले. मला त्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो आपोआप आलेला फोटो. नंबर मेला होता, पण त्यावरचं व्हॉट्सॲप खातं जिवंत होतं, हे तो फोटो सांगतो. हे कसं होतं ते नीट समजून घेऊ.

मोबाइल नंबर आपल्या मालकीचा नसतो. तो सरकारकडून कंपनीला आणि कंपनीकडून आपल्याला वापरापुरता मिळालेला असतो. ‘ट्राय’च्या नियमानुसार प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलंच नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी ते बंद करू शकते. त्यानंतर पुन्हा सुरू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते. नंबर कायमचा बंद झाला की पुढचे किमान ९० दिवस तो कोणालाही देता येत नाही. मग मात्र तो पुन्हा विक्रीला येऊ शकतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकची एक मुलगी शिकायला जर्मनीला गेली. तिथलं सिम घेतलं, पण व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरवरच ठेवलं, कारण घरचे, मैत्रिणी, कॉलेजचे ग्रुप सगळे तिथेच. भारतातल्या सिमचा शेवटचा वापर १ जानेवारीला झाला आणि शिल्लक शून्य. १ एप्रिलच्या सुमारास ते बंद पडेल, सवलतीचे दिवस एप्रिलच्या मध्याला संपतील आणि जुलैच्या मध्यानंतर तो नंबर एखाद्या दुकानात नव्या गिऱ्हाइकाच्या हाती पडू शकेल. या सहा-साडेसहा महिन्यांत मुलीला काहीही जाणवणार नाही. व्हॉट्सॲपला सिम लागतं ते नोंदणीच्या वेळी, एसएमएसने येणारा कोड घेण्यापुरतं. पुढे ते वायफायवर किंवा दुसऱ्या सिमच्या इंटरनेटवर बिनतक्रार चालत राहतं.

गोम इथेच आहे. नंबर हातोहात फिरतात हे व्हॉट्सॲपलाही माहीत आहे आणि त्यासाठी त्यांनी सोय केलेली आहे. एखादं खातं ४५ दिवस वापरलं गेलं नाही आणि त्यानंतर तोच नंबर वेगळ्या फोनवर नव्याने नोंदवला गेला, तर नंबर दुसऱ्याकडे गेला असं ते गृहीत धरतात आणि जुना फोटो, स्वतःबद्दलची ओळ वगैरे माहिती काढून टाकतात. साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलेलं खातं तर पुसलंच जातं. म्हणजे ज्याने नंबरबरोबर व्हॉट्सॲपही सोडून दिलं, त्याची काळजी बहुतेक वेळा आपोआप घेतली जाते. अडचण होते ती नाशिकच्या मुलीसारख्यांची. तिचं खातं रोज वापरात आहे, त्यामुळे ४५ दिवसांचं घड्याळ कधी सुरूच होत नाही. कंपनीच्या लेखी नंबर बेवारस झालेला असतो, व्हॉट्सॲपच्या लेखी तो गजबजलेला असतो, आणि या दोन नोंदवह्या एकमेकींशी पडताळून पाहिल्या जात नाहीत.

मग एके दिवशी नवा धारक व्हॉट्सॲप उघडतो, नंबर टाकतो, कोड त्याच्याच सिमवर येतो. त्या क्षणी जर्मनीतल्या फोनवर सूचना झळकते की हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही. व्हॉट्सॲपच्या दृष्टीने एका माणसाने फोन बदलला, इतकंच घडलेलं असतं.

परक्याच्या हाती काय लागतं हे समजायचं तर खात्याच्या गोष्टी कुठेकुठे असतात ते वेगळं करून पाहावं लागतं. जुने संवाद, फोटो, व्हॉइस मेसेज हे मुलीच्या फोनमध्ये आहेत. पोहोचलेले मेसेज व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही, त्यामुळे नव्या माणसाला तिचं एकही जुनं चॅट दिसत नाही. बॅकअप असलाच तर तो तिच्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यात आहे. अँड्रॉइडवर तो परत आणायला तोच नंबर आणि तेच गूगल खातं अशी दोन्ही लागतात, आणि परक्याकडे त्यातलं एकच आहे. जुनी सगळी चॅट्स नव्या माणसाने वाचली असतील ही जी धडकी भरते, ती व्हॉट्सॲपपुरती तरी निराधार आहे.

सर्व्हरवर असतं ते वेगळं: प्रोफाइलचा फोटो आणि कोणकोणत्या ग्रुपांत हा नंबर आहे त्याची नोंद. हे सगळं नंबराला चिकटलेलं असतं, म्हणून ते नव्या माणसाकडे जातं. तो घरच्या ग्रुपात, कॉलेजच्या ग्रुपात सदस्य म्हणून उभा असतो. मागचं बोलणं त्याला दिसत नाही, पण इतर सदस्यांचे नंबर दिसतात आणि त्या घटकेपासूनचा प्रत्येक मेसेज येतो. मावशी नेहमीप्रमाणे दवाखान्याचा रिपोर्ट ग्रुपवर टाकते, बाबा मुलीच्या नावावर पैसे भरल्याची पावती पाठवतात. धोका मागच्या बोलण्याला नाही, पुढच्या बोलण्याला आहे.

याला एक बारीक अपवाद आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. जे मेसेज अजून एकाच टिकवर अडकलेले आहेत, म्हणजे पाठवले गेले पण पोहोचले नाहीत, ते सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबून असतात. ते मुलीच्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद असल्यामुळे नव्या फोनला उघडता येत नाहीत. पण नंबराची किल्ली बदलल्याचं कळताच पाठवणाऱ्याचं ॲप न पोहोचलेला मेसेज नव्या किल्लीने बंद करून पुन्हा पाठवतं. फोन बदलणाऱ्या माणसाचे मेसेज हरवू नयेत म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. तिच्यावर २०१७मध्ये बराच वादही झाला होता. नंबर दुसऱ्याकडे गेला असेल तेव्हा मात्र हीच सोय नको त्या माणसापर्यंत मेसेज नेते. दोन टिक पडलेले मेसेज असे पुन्हा जात नाहीत.

समोरच्यांना हे ओळखता येतं का? येतं, एका खुणेवरून. किल्ली बदलली की चॅटमध्ये सिक्युरिटी कोड बदलल्याची छोटी ओळ येऊ शकते. त्यासाठी सेटिंग्जमधल्या अकाउंट या भागात सिक्युरिटी नोटिफिकेशन्स चालू केलेली असावी लागतात. फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं तरी तीच ओळ येते, म्हणून लोक तिच्याकडे काणाडोळा करतात. माझा सल्ला असा की पैशांचं किंवा आजारपणाचं बोलणं चालू असलेल्या माणसाच्या चॅटमध्ये ती ओळ दिसली, तर दुसऱ्या मार्गाने एकदा विचारून घ्यावं. परक्याकडे मेसेज गेलाच असेल, तर सर्वांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. अर्थात तोवर त्याने तो वाचलेला असू शकतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. बंद झालेले नंबर नव्या ग्राहकांना देऊ नयेत अशी मागणी करणारी याचिका न्यायालयाने २०२३मध्ये निकाली काढली. ९० दिवसांचा नियम नोंदवून न्यायालयाने म्हटलं की आपली गोपनीयता राखण्यासाठी पावलं उचलणं हे आधीच्या ग्राहकाचं काम आहे. तो जुन्या नंबरवरचं व्हॉट्सॲप खातं आणि साठवलेला डेटा काढून टाकू शकतो. कायद्याच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण सिम बंद पडल्यावरही व्हॉट्सॲप तसंच चालू राहतं, त्यामुळे पाऊल उचलण्याची वेळ आली आहे हेच त्या ग्राहकाला कळत नाही. निदान कंपनीने नंबर कायमचा बंद केला की मेसेजिंग ॲपला तसं कळलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये दूरसंचार विभागाने अशा ॲपना आदेश दिला की खातं ज्या सिमवर आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये. त्यामागचा हेतू सायबर फसवणूक रोखण्याचा होता, पण सिम मेलं तरी खातं जिवंत ही फट त्याने बुजू शकते.

नाशिकच्या मुलीला करण्यासारखं खरं काम एकच आहे आणि त्याला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात ‘चेंज नंबर’. जुना नंबर त्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये नोंदलेला असला म्हणजे पुरे, कोड नव्या नंबरवर येतो. म्हणून सिम मेल्यानंतरही, परक्याने नोंदणी करेपर्यंत, हे करता येतं. चॅट्स त्याच फोनमध्ये राहतात, ग्रुप नव्या नंबरवर येतात, ग्रुपांत तशी सूचना जाते आणि जुन्या नंबरवरचं खातं पुसलं जातं. इतर लोकांना कळवायचं की नाही ते आपण निवडायचं. माझ्या मते कळवावंच, कारण त्यांच्या फोनमध्ये आपल्या नावापुढे जुनाच नंबर असतो. सहा आकडी पिन लावणंही चांगलं, पण नव्या धारकाला ती पिन माहीत नसली तरी सात दिवस थांबून त्याला पुढे जाता येतं. पिन वेळ मिळवून देते, नंबर राखून ठेवत नाही. वेळ निघून गेलीच असेल तर प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला सांगून तो नंबर काढायला लावणं एवढंच उरतं.

टेलिग्रामचं गणित उलटं आहे आणि तिथे जास्त सावध राहावं. तिथली साधी चॅट्स फोनमध्ये नसून कंपनीच्या सर्व्हरवर असतात. नव्या धारकाने एसएमएसच्या कोडने आत प्रवेश मिळवला, तर वर्षानुवर्षांचं जुनं बोलणंही त्याच्यासमोर उघडं पडतं. वर जुना फोन आपोआप बाहेर काढला जात नाही, दोघंही एकाच खात्यात बसलेले असू शकतात. दुसऱ्या फोनवर टेलिग्राम चालू असेल तर कोड आधी तिकडे येतो, हा थोडा दिलासा. खरं संरक्षण मात्र टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या पासवर्डचं; तो लावला असेल तर नुसत्या कोडने कोणी आत येऊ शकत नाही.

आणि नवं सिम घेतल्यावर तुमच्याच व्हॉट्सॲपवर अनोळखी फोटो किंवा अनोळखी ग्रुप दिसले तर? एकेका ग्रुपातून बाहेर पडत बसू नका. सेटिंग्जमधून ते खातं डिलीट करा आणि त्याच नंबरवर नव्याने नोंदणी करा. खातं डिलीट होताच नंबर सगळ्या ग्रुपांतून निघतो. त्याआधी एखाद्या ग्रुपवर एवढंच लिहा, ‘हा नंबर आता माझ्याकडे आहे, आधीच्या व्यक्तीला कळवा.’