भाडं तेच, मुदत जास्त

समजा, पुण्यात कोथरूडला दोन बीएचकेचा फ्लॅट आहे. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. अकरा महिन्यांचा करार महिन्याभरात संपणार, म्हणून नवरा-बायको पाच टक्के वाढ मनात धरून बसलेत. अशात मालकीणबाईंचा मेसेज येतो : "तुमचा काही त्रास नाही, भाडं वेळेवर येतं. या वेळी वाढ नको. पण करार दोन वर्षांचा करू या, चालेल ना?"

बहुतेक भाडेकरू यावर लगेच "हो काकू, चालेल" म्हणून मोकळे होतात. वाढ टळली यापलीकडे बघायचं सुचत नाही. पण काकूंनी हा हिशेब आधी घातलेला असतो, म्हणून आपणही घालावा.

नेहमीची पाच टक्के वाढ धरली तर पहिल्या वर्षी भाडं २५,२०० झालं असतं आणि दुसऱ्या वर्षी २६,४६०. म्हणजे पहिल्या वर्षी १४,४०० आणि दुसऱ्या वर्षी २९,५२०, मिळून ४३,९२० रुपयांवर काकू पाणी सोडतायत. आता दुसरी बाजू. हे कुटुंब वाढ ऐकून निघून गेलं तर काय होईल? घर एक महिना रिकामं राहिलं तर २४,००० गेले. नवा भाडेकरू येण्याआधी रंग काढावा लागतो, त्याचे वीसेक हजार. मालकाच्या वाट्याची दलाली अर्ध्या महिन्याची धरली तरी १२,०००. झाले ५६,०००. शिवाय नवा माणूस कसा निघेल, पाच तारखेला भाडं देईल की पंचवीस तारखेपर्यंत फोन उचलणार नाही, ही धाकधूक वेगळीच. थोडक्यात, काकूंनी उदारपणा दाखवलेला नाही. भाडेकरू जाण्याची भीती असेल तर हा सरळ फायद्याचा व्यवहार आहे. मात्र वाढ देऊनही हे कुटुंब राहणारच होतं, तर त्यांचे चव्वेचाळीस हजार विनाकारण गेले. म्हणून "आम्हाला इथंच राहायचंय हो, मुलाची शाळा जवळ आहे" हे वाक्य बोलणी पुरी होईपर्यंत आपल्यापाशीच ठेवलेलं बरं.

मुदत तीन वर्षांची झाली की चित्र पालटतं. तिसऱ्या वर्षीचं भाडं वाढीसकट २७,७८३ झालं असतं, आणि तीन वर्षांत मालकाने सोडलेली रक्कम ८९,३१६ वर जाते. एकदा भाडेकरू बदलण्याच्या खर्चापेक्षा हे कितीतरी जास्त. त्यामुळे तीन वर्षं एक रुपयाही वाढवणार नाही असं कुणी म्हणालं, तर एकतर त्यांनी आकडेमोड केलेली नाही किंवा करारात दुसरीकडे कुठंतरी वसुली ठेवलेली आहे.

मग अकरा महिन्यांचं काय, त्यापेक्षा जास्त मुदतीचा करार चालतो का, असा प्रश्न हमखास निघतो. चालतो. अकरा महिन्यांची सवय १९०८च्या नोंदणी कायद्यातून आली. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी करून नोंदणी टाळायची. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने ही पळवाट बंद केली. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तरीही अकरा महिने लोकांच्या अंगवळणी पडलेत ते पडलेतच.

जुन्या मालकांना लांब मुदतीची धास्ती वाटते, त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी १९७३ला ज्यांचा परवाना चालू होता, त्यांना मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि अनेकांच्या जागा त्यात पिढ्यानपिढ्या अडकल्या. ती आठवण घराघरांत आहे. आजचा कायदा मात्र मालकाच्या बाजूने बराच भक्कम आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि परवानाधारक निघाला नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्काने भरपाई मागू शकतो. त्यामुळे काकूंना दोन वर्षांची भीती वाटत असेल, तर ती आता जुनी झाली आहे.

लांब करार तसा स्वस्तही पडतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर धरलेल्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का, साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला हाच दर. आपल्या उदाहरणात चोवीस महिन्यांचं भाडं ५,७६,००० आणि व्याज १५,०००, त्यावर पाव टक्का म्हणजे जेमतेम दीड हजार. नोंदणी फी आणि एजंटचा मेहनताना दोनदा द्यायचा तो एकदाच.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. खरी देवाणघेवाण भाड्यात नसतेच, ती असते लॉक-इनच्या कलमात. करार दोन वर्षांचा आहे एवढ्याने कुणीही कुणाला बांधलेलं नसतं. त्यातच "एक महिन्याची नोटीस देऊन कोणताही पक्ष करार संपवू शकेल" असं लिहिलेलं असेल, तर तो करार मुळात महिन्याचाच. काकूंनी वाढ सोडली ती स्थैर्यासाठी, आणि ते स्थैर्य लॉक-इनमधूनच मिळतं. म्हणून त्यांच्या एजंटने मसुद्यात "लॉक-इन कालावधी : २४ महिने" असं भरलं तर आश्चर्य नाही.

आता हेच कुटुंब चौदाव्या महिन्याअखेर निघालं असं धरू. नोकरीची बदली झाली, बंगळुरूला जावं लागलं. तोवर वाढ टळल्याने त्यांचे १९,३२० रुपये वाचलेत. आणि मसुद्यात "लॉक-इनमध्ये घर सोडल्यास उरलेल्या काळाचं भाडं द्यावं लागेल" असं असेल, तर दहा महिन्यांचे २,४०,००० रुपये मागितले जाऊ शकतात. १८७२च्या करार कायद्यातलं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळेल, आणि ती लिहिलेल्या रकमेपलीकडे जाणार नाही. महिन्याभरात नवा भाडेकरू मिळाला असेल, तर दहा महिन्यांची मागणी कोर्टात टिकवणं मालकाला जड जाईल. पण सव्वालाख-दीडलाखासाठी कोर्टात जातो कोण? व्यवहारात डिपॉझिट काकूंच्या खात्यात असतं, आणि ७५,००० तिथंच अडकतात. एकोणीस हजारांच्या बचतीसाठी पंचाहत्तर हजारांची जोखीम, हा सौदा डोळसपणे करायचा की नाही, ते मेसेजला उत्तर देण्याआधी ठरवायचं.

मधला मार्ग निघतो. मुदत दोन वर्षांची, लॉक-इन बारा महिन्यांचं, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. किंवा लॉक-इन चोवीस महिन्यांचंच राहू द्यायचं, पण आधी घर सोडलं तर जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं भरपाई, आणि त्यापुढे काही नाही, असा आकडा लिहून घ्यायचा. दोन महिन्यांत काकूंना नवा भाडेकरू मिळतो, त्यांचंही नुकसान होत नाही. माझ्या मते हे दुसरं कलम जास्त प्रामाणिक आहे, कारण त्यात कुणाला किती पडेल हे पहिल्या दिवशीच कळतं.

लॉक-इन दोघांवर आहे का, तेही बघावं लागतं. अनेक मसुद्यांत ते फक्त परवानाधारकावर असतं, आणि मालकाला मात्र महिन्याच्या नोटिशीवर घर मागता येतं. भाडं स्थिर मिळालं, पण राहण्याचा भरवसा मिळालाच नाही, असं होतं.

दुसरी एक अडचण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही : काकूंनी फ्लॅट विकला तर? लीव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूला जागेत मालकी हक्काचा कोणताही वाटा मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. आणि १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की जागा दुसऱ्याला विकली तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. म्हणजे दोन वर्षांचा नोंदवलेला करार हातात असूनही नवा मालक घर रिकामं मागू शकतो. यावर उपाय एकच, तो काकूंकडून लिहून घ्यायचा : मुदतीत घर विकलं तर किमान दोन महिन्यांची नोटीस, डिपॉझिट किल्ली देतानाच परत, आणि सामान हलवण्याचा व दलालीचा खर्च त्यांच्याकडे. पुण्यात गेल्या काही वर्षांत फ्लॅट विकून टाकण्याची कल्पना अनेक काकू-काकांच्या मनात डोकावते आहे, त्यामुळे हे कलम नुसतं कागदावरचं नाही.

करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आधार क्रमांक, अंगठा, दोन साक्षीदार, पंधरा मिनिटांत काम उरकतं. अडचण अशी की त्याच्याकडचा मसुदा साचेबद्ध असतो. तोंडी "वाढ नाही" ठरलेलं असतं, आणि भाड्याच्या तक्त्यात तेराव्या महिन्यापासून २५,२०० उभा असतो, कारण मागच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवरच नावं बदललेली असतात. अंगठा उमटला की लेखी तेच खरं धरलं जातं, आणि काकूंचा तो मेसेज नंतर फक्त वाद घालायला उपयोगी पडतो. म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागवायचा आणि तीन गोष्टी बघायच्या : तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतलं भाडं, लॉक-इनचे महिने, आणि नोटिशीचं वाक्य दोन्ही पक्षांना लागू आहे की नाही.

रंगाचंही बोलून घ्यायला हरकत नाही. भाडेकरू बदलला नाही म्हणून काकूंचे वीस हजार वाचतात, पण तेच घर आणखी दोन वर्षं वापरलं जाणार असतं. निदान स्वयंपाकघराला आणि बाथरूमच्या छताला एक हात, आणि गीझरची दुरुस्ती मालकाकडे, एवढं सहसा मान्य होतं.

उरतो पंचविसावा महिना. दोन वर्षं २४,०००वर थांबलेलं भाडं तेव्हा बाजारभावाला जोडलं जाईल, आणि शेजारच्या विंगमध्ये २८,००० चालू असेल तर एकदम चार हजारांची उडी पडते. "नवीन करार झाल्यास भाडं आठ टक्क्यांहून अधिक वाढणार नाही" असं वाक्य आत्ताच टाकलं, तर उडी २५,९२०वर थांबते. नवा करार करायलाच हवा असं या वाक्याने काकूंवर बंधन येत नाही. पण करायचा झाला, तर भाव कुठून सुरू होणार हे आधीच लिहिलेलं असतं.