एका अंगठ्याची अॅक्शन गेम

एका हाताने खेळायच्या अॅक्शन गेमची मांडणी करताना पहिली अडचण अशी, की जो अंगठा पात्राला पळवतो त्यालाच हल्लाही करायचा असतो. दोन हातांनी खेळताना डावा अंगठा जॉयस्टिकवर आणि उजवा बटणांवर, अशी वाटणी होते. इथे अंगठा बटणाकडे गेला की पात्र जागीच उभं राहतं. २०१९ साली आलेल्या ‘आर्चेरो’ने या अडचणीचाच नियम केला. अंगठा टेकवून सरकवला की पात्र पळतं, उचलला की थांबतं आणि आपोआप बाण सोडू लागतं. हल्ल्याचं बटणच उरत नाही. बटण कुठे ठेवायचं हे ठरवण्याआधी ते काढूनच टाकता येतं का, हे पाहावं असं मला ठामपणे वाटतं.

जॉयस्टिक एकाच जागी ठेवली तर लहान हाताला ती लांब पडते आणि मोठ्या हाताला अंगठा आखडून धरावा लागतो. म्हणून पडद्याच्या खालच्या भागात अंगठा जिथे टेकेल, तेच तिचं केंद्र धरतात. पहिल्या दीड-दोन मिलिमीटरची हालचाल मोजायची नाही, नाहीतर बसच्या धक्क्यानेही पात्र हलेल. साधारण दहा मिलिमीटरवर पूर्ण वेग मिळावा.

खरी गोची पुढे होते. खेळ रंगात आला की अंगठा नकळत घसरत जातो. समजा, तो केंद्राच्या उजवीकडे २५ मिलिमीटरवर पोहोचला. आता डावीकडे पळायचं, तर आधी ते सगळं अंतर मागे यावं लागतं. तोवर शत्रूने गाठलेलं असतं. खेळणारा म्हणतो, ‘गेम अडकतेय.’ फोन मात्र ठणठणीत असतो. यावर उपाय म्हणजे अंगठा दहा मिलिमीटरच्या बाहेर गेला की केंद्रालाही त्याच्यामागे ओढत न्यायचं. मग उलट वळायला कधीच जास्त अंतर कापावं लागत नाही.

तरीही विशेष शक्तीसाठी एखादं बटण लागतंच. अंगठा मुळाशी फिरतो, म्हणून त्याची सहज पोच कमानीसारखी असते. उजव्या हातात खालचा उजवा कोपरा जवळचा वाटतो, पण तिथे अंगठा पार दुमडावा लागतो. शिवाय खालच्या कडेवरून बोट वर सरकलं तर बऱ्याच फोनांवर गेमच बाजूला जाते. बटण कोपऱ्यापासून थोडं वर, त्या कमानीवर ठेवावं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात किमान आकार साधारण नऊ मिलिमीटर सांगितला आहे. धावपळीत बारा बरा. स्पर्श जिथे सुरू झाला त्यावरून तो बटणाचा की जॉयस्टिकचा हे ठरवावं, म्हणजे सरकता अंगठा बटणावरून गेला तरी शक्ती वाया जात नाही.

चाचणीत प्रत्येक स्पर्शाची जागा नोंदवा. ठिपके बटणाच्या एकाच बाजूला साचले असतील, तर बटण तिकडे सरकवा. आणि डाव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी हीच मांडणी उलटी करण्याची सोय सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून द्या.