अवतरण किती घ्यावे?

दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहायला बसले की एक प्रश्न हमखास पडतो: त्यातले किती शब्द जसेच्या तसे घेतले तर चालतात? कोणी दोनशे सांगतो, कोणी एक परिच्छेद, कोणी दहा टक्के. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात असा एकही आकडा नाही. समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी केलेला ‘उचित’ वापर हा भंग धरू नये, असे त्याचे कलम ५२ सांगते. उचित म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरण पाहून ठरते. नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवली की काय होते, ते अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसते.

माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे आत्मचरित्र १९७९ मध्ये यायचे होते. निक्सन यांना माफी का दिली, हे त्यात त्यांनी स्वतः सांगितले होते. पुस्तक बाजारात येण्याआधी हा भाग छापायचे हक्क ‘टाइम’ साप्ताहिकाने २५,००० डॉलरना घेतले. निम्मे पैसे आधी, निम्मे छापताना. तेवढ्यात हस्तलिखित ‘द नेशन’ या नियतकालिकाच्या हाती लागले आणि त्याने सव्वादोन हजार शब्दांचा लेख छापून टाकला. ‘टाइम’ने आपला लेख रद्द केला आणि उरलेले १२,५०० डॉलर दिले नाहीत.

‘नेशन’च्या लेखात फोर्ड यांचे स्वतःचे शब्द होते जेमतेम तीनशे आणि पुस्तक होते दोन लाख शब्दांचे. ते शब्द फोर्ड यांचेच आहेत, हेही लपवलेले नव्हते. तरी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ‘नेशन’ हरले. माफीची हकीकत आणि त्यातल्या घटना सांगायला कोणाचीच ना नव्हती, कारण घटनांवर कोणाची मालकी नसते. पण पुस्तकाचा गाभाच फोर्ड यांच्या शब्दांत, पुस्तक येण्याआधी आणि विकत घेतलेल्या हक्कांच्या मुळावर येईल असा छापला गेला होता.

केरळमधल्या खटल्यात उलट घडले. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले. मूळ नाटकातली पात्रे आणि संवादही त्यात घेतले होते. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या: भाष्याच्या मानाने किती आणि कोणत्या मोलाचे घेतले, कशासाठी घेतले, आणि नवी कृती मूळ कृतीच्या गिऱ्हाइकावर घाला घालते का. घेतलेला भाग मूळ नाटकाच्या विचारावर टीका करण्यासाठीच आहे, हे पाहून कौल चंद्रन यांच्या बाजूने गेला.

लिहितानाही याच कसोट्या कामी येतात. समजा, एका पुस्तकाचे म्हणणे आहे की अमुक तालुक्यातल्या विहिरी बोअरवेलमुळेच आटल्या, आणि ते तुम्हाला पटत नाही. ज्या वाक्यात तो ‘मुळेच’ आहे, ते वाक्य जसेच्या तसे घ्या, कारण वाद त्या शब्दांशीच आहे. लेखकाने दिलेला पुरावा मात्र पान क्रमांक देऊन आपल्या भाषेत सांगा. मग आपले सारे भाष्य खोडून लेख वाचून पाहा. उरलेली अवतरणे वाचून पुस्तक घ्यायची गरजच वाटत नसेल, तर जास्त उचलले गेले आहे.

श्रेय अवतरणाच्या शेजारीच हवे: लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान. शेवटी ‘अमुक यांचे आभार’ लिहून भागत नाही, कारण कोणते वाक्य कोणाचे हे वाचकाला कळत नाही. ते वाक्य तुम्ही तिसऱ्याच्याच लेखात वाचले असेल, तर तसे सांगा. मूळ पुस्तक चाळल्याचा आव आणू नका. सर्वांत जास्त घोळ अर्धवट बदललेल्या वाक्यांत होतो. दोन शब्द फिरवायचे, अवतरणचिन्हे काढायची आणि पुढे जायचे, ही सवय फार पसरली आहे आणि माझ्या मते ती उघड उचलेगिरीपेक्षा वाईट आहे, कारण ती पकडायला मूळ मजकूर शेजारी ठेवावा लागतो. वाक्याचा तुकडा गाळताना तीन टिंबे द्या, पण ‘तरीही’पासूनचा भाग गाळून लेखकाच्या तोंडी उलटा अर्थ घालू नका. आपल्या नावाचा आग्रह धरण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ लेखकाला देते.

कवितेत हात आणखी आखडता घ्यावा लागतो. कादंबरीतल्या चार ओळी म्हणजे काहीच नव्हे, पण आठ ओळींच्या कवितेतल्या चार म्हणजे निम्मी कविता. रसग्रहणासाठी ती सबंध छापावीशी वाटली, तर कवीकडे, वारसांकडे किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या प्रकाशकाकडे लेखी परवानगी मागावी. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे उलटली असतील तर परवानगी लागत नाही. नाव मात्र तेव्हाही द्यायचेच.