वास कोंबड्यातून येतो, डांबरगोळीनं जात नाही

आज बोलायचंय संडास आणि न्हाणीच्या वासाबद्दल. विषय ऐकून नाक मुरडू नका. आपल्या बीड जिल्ह्यात हा वास काही घरांत वर्षातून एकदा हमखास येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. घराला कुलूप लागतं. कारखान्याचा पट्टा पडला की माणसं परत येतात, दार उघडतात, आणि संडासातून असा भपका येतो की आत पाय ठेववत नाही. मग दुकानातून डांबरगोळ्या येतात, सुगंधी वड्या येतात, फिनेल ओतलं जातं. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी बाप्ये डबा घेऊन रानात जायला लागतात, आणि बाया अंधार पडायची वाट बघत पोट धरून बसतात. बारा हजारांचं अनुदान घेऊन, पदरचे पैसे घालून बांधलेला संडास मग सरपण ठेवायच्या कामी येतो.

हा वास का येतो, ते आधी समजून घेऊ. संडासाच्या भांड्याखाली एक वाकडा तुकडा बसवलेला असतो. गवंडी त्याला कोंबडा म्हणतात. त्याच्या वाकणात थोडं पाणी कायम साचून राहतं. भांड्यात वाकून पाहिलं तर दिसतं तेच हे पाणी. खड्ड्यात किंवा टाकीत मैला कुजतो, त्याचा वायू पाइपातून वर येतो आणि या पाण्याशी येऊन अडतो. म्हणजे कोंबड्यातलं पाणी हे त्या वायूचं दार आहे. पाणी आहे तोवर दार बंद, पाणी आटलं की दार सताड उघडं.

गावाकडच्या संडासात हे पाण्याचं दार मुद्दामच लहान ठेवलेलं असतं, साधारण २० मिलिमीटर. म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढं. कारण आपल्याकडे पाणी कमी, आणि दीड-दोन लिटरमध्ये, तांब्या-दोन तांब्यांत, मैला वाहून जायला हवा. दार खोल केलं तर दर वेळी बादली लागेल. पण जे पाणी वाचवतं, तेच लवकर आटतं. कोरड्या हवेत, वरून पत्रा तापत असेल तर दोन-तीन आठवड्यांत हे पाणी उडून जातं. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे उरलेले सव्वाचार ते साडेपाच महिने खड्ड्याचा वायू सरळ खोलीत येत राहतो, भिंतींत मुरतो. माश्या आणि झुरळंही त्याच वाटेनं वर येतात. डांबरगोळी या वायूला अडवत नाही, ती फक्त नाकाला फसवते. शिवाय लहान लेकराला ती गोळी खडीसाखरेसारखी दिसते आणि पोटात गेली तर विषारी असते.

न्हाणीचंही असंच आहे. फरशीत जाळीखाली जी वाटी बसवतात, तिला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. तिच्यात साधारण दोन इंच पाणी राहतं. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत ही वाटी बसवलेलीच नसते. फरशीला भोक, भोकाला पाइप, आणि पाइप थेट गटारीत किंवा चेंबरमध्ये. तिथं पाण्याचं दार कधी नव्हतंच.

धारूर तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी हे सगळं एकाच जागी पाहायला मिळालं. कुटुंब सहा महिने बाहेर होतं. घरामागं सेप्टिक टाकी, आपण तिला सेफ्टी टाकी म्हणतो ती, आणि संडास-न्हाणी एकाला एक लागून. परत आल्यावर त्यांनी आधी कोंबड्यात पाणी पाहिलं. पाणी नव्हतं, आत पांढरा थर वाळलेला होता. त्यांनी ब्रशनं भांडं घासलं, बादलीभर पाणी टाकलं आणि शेवटी एक तांब्या सावकाश ओतला. शेवटचा तांब्या सावकाशच ओतायचा. बादली एकदम ओतली की पाण्याचा लोंढा कोंबड्यातलं पाणीही ओढून नेतो आणि दार अर्धवट उघडं राहतं.

वास निम्मा झाला, पण गेला नाही. आता उरलेला वास नेमका कुठून येतो, हे शोधायचं होतं. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. रात्री निजायच्या आधी संडासाच्या भांड्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि कडेनं ओली वाळू दाबायची. दार लावून घ्यायचं. सकाळी दार उघडताच वास आला नाही, तर वाट भांड्यातून आहे. आला, तर दुसऱ्या रात्री न्हाणीचं भोक तसंच झाकायचं. काडी किंवा दिवा लावून वास शोधू नका. टाकीचा वायू पेट घेतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ तर बिडीसुद्धा नको.

ताईंनी पहिल्या रात्री भांडं झाकलं, सकाळी वास होताच. दुसऱ्या रात्री न्हाणीचं भोक झाकलं, सकाळी वास जवळजवळ नव्हता. जाळी काढून पाहिली तर खाली वाटी नाही, पाइप सरळ टाकीच्या चेंबरला जोडलेला. गवंड्यानं तेवढी एक फरशी फोडून नहाणी ट्रॅप बसवला आणि भोवती सिमेंट भरलं. अर्ध्या दिवसाचं काम. ट्रॅप घेताना आतली वाटी हातानं काढता येते का, ते दुकानातच बघून घ्यावं. केस आणि साबणाचा गाळ तिच्यात साचतो, तो आठ-पंधरा दिवसांनी काढावा लागतो. केसांची एखादी बट वाटीच्या काठावरून पलीकडं लोंबत राहिली, तर दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढून वाटी रिकामी करते. रोज अंघोळ होऊनही न्हाणीला वास येत असेल तर आधी हे तपासा.

तरीही दुपारच्या वेळी वास येतच होता. हा तिसरा वास वाऱ्याचा होता. सेप्टिक टाकीतला वायू बाहेर जायला पाइप लागतो. ताईंच्या टाकीला पाइप होता, पण कमरेएवढा, आणि त्याचं तोंड बरोबर संडासाच्या झरोक्याखाली. म्हणजे टाकीतला वास बाहेर पडून झरोक्यातून पुन्हा आत. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर हा पाइप घराच्या छतापासून दोन मीटर वर न्यावा, असा नियम आहे. जाडी निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच हवी, आणि तोंडाला डास न जाणारी बारीक जाळी. ताईंच्या मालकांनी त्याच पाइपाला जोड देऊन तो भिंतीला क्लॅम्पनं बांधून वर नेला. तेव्हा कुठं दुपारचा वास थांबला.

हा पाइप बुजला तरी कळतं. पाणी टाकलं की कोंबड्यातून बुडबुडे येतात. टाकीतल्या हवेला वाट मिळत नाही, म्हणून ती पाण्यातून उसळते. मग जाळीवर कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीचं घर आहे का, ते बघावं. पण टाकीचं झाकण उघडून आत डोकावू नका आणि कुणाला आत उतरवू तर मुळीच नका. आतला वायू नाक बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणूस तिथंच कोसळतो. टाकीत माणूस उतरवून साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. उपसा करायला मशीनची गाडीच बोलवायची.

ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे, त्यांनी मात्र असा पाइप लावू नये. त्या खड्ड्यांच्या भिंतींना जाळीसारखी भोकं ठेवलेली असतात. वायू तिथून मातीत जिरतो. तिथं पाइप लावला तर उलट वास आणि डासांना वाट मिळते. आधीच लावला असेल तर तोंड बंद करून टाका.

खोलीतली हवाही खेळती हवी. नुसता वरचा झरोका पुरत नाही. हवा वरून बाहेर जायची तर खालून आत यायला हवी. दाराखाली बोटभर फट ठेवली की झरोका कामाला लागतो. झरोक्याला गोणपाट कोंबलं असेल तर ते काढून बारीक जाळी लावा, म्हणजे आडोसा राहतो आणि हवाही जाते.

आता दोन अडचणी अशा, ज्यांवर पाणी ओतून उपयोग नाही. एक, कोंबड्याला चीर. रात्री पाणी भरल्यावर पाण्याच्या कडेला मार्करनं खूण करा, कुणाला वापरू देऊ नका. सकाळी पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं असेल तर ते उडालं नाही, गळालं. एका रात्रीत एवढं पाणी उडत नाही. तुंबलं म्हणून लोखंडी सळई घातली की बहुधा असंच फुटतं. मग कोंबडा बदलावाच लागतो. दोन, लघवीचा डोळ्यांना झोंबणारा वास. तो खालून येत नाही. खडबडीत कोब्यात लघवी मुरते तिथून येतो. तिथं घासणं आणि कोबा गुळगुळीत करून घेणं हाच उपाय. घासताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटी निघायच्या दिवसाचं काम सांगते. ट्रॅक्टरमध्ये सामान भरायच्या आधी संडास घासून कोंबडा काठोकाठ भरा. त्यावर अलगद अर्धी वाटी तेल सोडा. तेल तरंगतं, त्याच्याखालचं पाणी सहज उडत नाही. खायचं तेल चालतं, पण महिन्यांनी ते खवट होतं. मेडिकलच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते खराब होत नाही. न्हाणीच्या वाटीतही दोन चमचे सोडा. मग दोन्हीकडं प्लॅस्टिकचा कागद टाकून त्यावर वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे उंदीरही येणार नाहीत. घरी सासू-सासरे राहणार असतील तर तेलाची गरज नाही. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत दर पंधरा दिवसांनी त्यांनी एक-एक तांब्या पाणी ओतलं तरी पुरे. टँकरच्या दिवसांत भाजी धुतलेलं पाणी गाळून ओतलं तरी चालतं. दाराला पाणी हवं, ते प्यायचंच असायला हवं असं नाही.